तोटा झाला, तरी कर?

गेल्या जुलैत रिटर्न भरायला आलेल्या एका तरुणाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, लाखाचे नव्वद हजार झालेत. तोटाच आहे, मग कर कसला?"

वर्षाच्या सुरुवातीला त्याने एक लाखाचं बिटकॉइन घेतलं होतं. त्याचे दीड लाख झाले तेव्हा ते देऊन इथेरियम घेतलं. बँकेत रुपयाही आला नाही, म्हणून त्याच्या लेखी ती विक्री नव्हती. आयकर कायद्याच्या लेखी मात्र एक क्रिप्टो देऊन दुसरं घेणं म्हणजे पहिलं विकणंच. तिथे पन्नास हजारांचा नफा झाला. पुढे इथेरियम पडलं आणि त्याच वर्षी त्याने ते नव्वद हजारांना विकलं. हा साठ हजारांचा तोटा.

एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे पन्नास हजारांवर १५,६०० रुपये कर. कापलेला एक टक्का टीडीएस यातून वळता होतो, एवढंच. मला हा नियम फार कठोर वाटतो.

हेच व्यवहार त्याने शेअर बाजारात केले असते तर कर शून्य आला असता. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर असतो, पण त्यातून तोटा वजा करता येतो. उरलेला दहा हजारांचा तोटा, रिटर्न मुदतीत भरलं तर, पुढची आठ वर्षं वापरता येतो.

खरी अडचण पुढेच होती. बिटकॉइन त्याने ज्या अॅपवर घेतलं, ते बंद पडलं होतं. त्याआधी त्याने नाणी दुसऱ्या अॅपवर हलवली होती आणि तिथे फक्त ती जमा झाल्याची नोंद होती, खरेदीची किंमत नव्हती. टीडीएसमुळे विक्रीची रक्कम खात्याला आपोआप कळते, खरेदीची नाही. ती आपणच दाखवायची. दाखवता आली नाही, तर पूर्ण दीड लाख नफा धरला जाण्याची भीती, म्हणजे ४६,८०० रुपये कर. शेअर एका डीमॅटमधून दुसऱ्यात नेले तरी पुष्कळदा असंच होतं: शेअर जातात, खरेदीचा भाव मागे राहतो.

आम्ही त्याचा जुना ईमेल धुंडाळला. खरेदीच्या दिवशी अॅपने पाठवलेली पावती सापडली, तारीख, नाण्यांची संख्या आणि रुपयांतली किंमत असलेली. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्याच दिवशी लाख रुपये गेल्याची ओळही होती. दोन्ही कागद छापून फाइलला लावले आणि नफा पन्नास हजारच दाखवला.