एक लांब, दोन आखूड

कम्प्युटर चालू केला, पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच. आतून एक लांब बीप, मागोमाग दोन आखूड, जराशी उसंत आणि पुन्हा तेच. बिघाड स्क्रीनवर लिहून दाखवायचा तर आधी चित्र उमटायला हवं. त्याआधीच गाडं अडलं, तर मदरबोर्डच्या हाती उरतो फक्त एक चिमुकला स्पीकर.

ही खूण इंटरनेटवरच्या एखाद्या जुन्या यादीत शोधली की बरेचदा उत्तर मिळतं : ग्राफिक्समध्ये दोष. जुन्या 'अवॉर्ड' बायोसपुरतं ते बरोबरही आहे. पण आसुसच्या अनेक मदरबोर्डांवर याच आवाजाचा अर्थ 'मेमरी सापडली नाही' असा होतो. ग्राफिक्सची तक्रार तिथे एक लांब आणि तीन आखूड बीपने होते. चुकीची यादी पाहून धडधाकट ग्राफिक्स कार्ड बदललं जातं ते असं. म्हणून आधी बोर्डावर छापलेलं मॉडेल वाचावं आणि त्याच मॉडेलचं मॅन्युअल उघडावं.

समजा, बोर्ड आसुसचा आहे. वीज बंद करून केबल काढायची, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्यायचा आणि रॅमच्या सगळ्या पट्ट्या उपसायच्या. चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच पट्टी बसवायची, खटका वाजेपर्यंत दाबून. अर्धवट बसलेली पट्टी हे अगदी नेहमीचं कारण. ती चालली नाही, तर त्याच स्लॉटमध्ये दुसरी. एक चालते, दुसरी नाही, म्हणजे दोष पट्टीत. त्या स्लॉटमध्ये एकही चालत नाही, पण शेजारच्या स्लॉटमध्ये चालते, तर संशय स्लॉटवर. कधी प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या वाकलेल्या पिनवरही, कारण मेमरी सांभाळणारा भाग आता प्रोसेसरमध्येच असतो. डीडीआर-५ रॅम असेल तर जरा धीर धरावा. पहिल्यांदा चालू करताना तिची जुळणी होईपर्यंत स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते.

आता समजा आवाज बदलला : एक लांब, तीन आखूड. ही खरं तर चांगली बातमी. मेमरीची तपासणी ग्राफिक्सच्या आधी होते, त्यामुळे तक्रार ग्राफिक्सपर्यंत पोचली म्हणजे रॅम निदान सापडली आहे. मग कार्ड काढून नीट बसवावं आणि पॉवर सप्लायकडून येणारी त्याची वेगळी वायर जोडलेली आहे ना, ते पाहावं. ही वायर विसरणारे थोडेथोडके नाहीत.

बीप अजिबातच वाजत नसेल, तर बोर्डावर स्पीकर आहे की नाही, हे आधी बघावं. हल्ली तो बरेचदा दिलेलाच नसतो; त्याऐवजी काही बोर्डांवर DRAM आणि VGA अशा नावांचे बारीक दिवे असतात. जो दिवा पेटलेला राहील, तिथे काम अडलेलं.