चाळीस मिनिटांची तासिका, सात आसने

सहावीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. अकरा-बारा वर्षांची चाळीस मुले, शाळेचा हॉल किंवा लांब व्हरांडा, अंथरायला सतरंज्या आणि वेळापत्रकात योगासाठी मिळालेली चाळीस मिनिटांची एक तासिका. आसने कोणती घ्यायची, हे बहुतेक ठिकाणी तक्त्यावरची चित्रे पाहून ठरते. त्याऐवजी ही मुले दिवसभर काय करतात, इथून सुरुवात केली तर आखणी सोपी होते. मुले बाकावर बसतात. गुडघे आणि कंबर तासन्‌तास दुमडलेली असतात, पाठ वहीवर वाकलेली असते, खांदे पुढे आलेले असतात. पाठीवर दप्तराचे ओझे असते, ते वेगळेच. मांडीच्या मागचा स्नायू कंबरेखालच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत जातो आणि गुडघा दुमडलेला असताना तो सैल, आखूड स्थितीतच राहतो. छाती आणि पोटाकडचा भाग आक्रसतो, तर पाठीचे स्नायू ताणलेले आणि थकलेले असतात. या स्थितीच्या उलट दिशेने शरीर न्यायचे, एवढेच या तासिकेचे काम. त्यासाठी सात आसने पुरतात.

तासिका मधल्या सुट्टीनंतर असेल, तर आधी मुख्याध्यापकांशी बोलून ती बदलून घ्यावी. पोटभर जेवणानंतर तीन तास तरी जायला हवेत. ते शक्यच नसेल, तर पोटावर झोपून करायची आणि पोट दाबणारी आसने त्या दिवशी वगळावीत. मुलांच्या रांगा एकाआड एक सरकवून लावाव्यात, म्हणजे हात पसरले तरी शेजाऱ्याला लागत नाहीत आणि मागच्यालाही पुढे काय चालले आहे ते दिसते.

मिनिटांची वाटणी अशी करता येईल. रांगा लागून शांत बसायला तीन मिनिटे आणि सांधे मोकळे करायला सहा. मग उभ्याने करायच्या आसनांना दहा, बसून करायच्या आसनांना आठ, पोटावरच्या आसनाला पाच आणि पाठीवरच्या आसनाला दोन. शेवटची सहा मिनिटे शवासन आणि भ्रामरी. हा क्रम मुद्दाम असा आहे. एकदा खाली बसले की पुन्हा उठायचे नाही. चाळीस मुले वरचेवर उठबस करू लागली की प्रत्येक वेळी एखादे मिनिट सहज जाते आणि आलेली शांतता मोडते.

सांधे मोकळे करताना मान पूर्ण गोल फिरवू नये. उजवीकडे, डावीकडे, खाली आणि हलकेच वर, एवढेच पुरे. खांदे, मनगटे, कंबर आणि घोटे मात्र हळूहळू गोल फिरवावेत. आसनात थांबण्याची वेळ सेकंदांत मोजण्यापेक्षा श्वासांत मोजावी. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद असतो, म्हणून प्रत्येक बाजूला चार सावकाश श्वास आणि अशा दोन फेऱ्या या वयाला योग्य. श्वास रोखून धरायला लावू नये.

उभ्याने

पहिले ताडासन. दोन्ही हात वर, बोटे एकमेकांत गुंफलेली, टाचा उचललेल्या. ‘याने उंची वाढते’ असे मुलांना सर्रास सांगितले जाते. उंची ठरते ती आनुवंशिकतेने, आणि तिला आहार, झोप व आरोग्याची जोड लागते. ताडासन वाकलेली पाठ सरळ करते, म्हणून मूल त्या क्षणी उंच दिसते. तेव्हा सांगायचे ते इतकेच: ‘बाकावर पाठ वाकली होती, ती आता लांब करू या.’ हात खाली आल्यावर पाठ मोकळी वाटली का, हे मुलांना लगेच विचारता येते.

आसनाचा उद्देश सांगताना नेहमी हीच कसोटी लावावी. मुलाला आत्ता, स्वतःच्या अंगात जे जाणवेल तेच सांगायचे. ‘पचन सुधारते’, ‘रक्त शुद्ध होते’ अशी वाक्ये मूल तपासू शकत नाही. ती फक्त पाठ होतात.

दुसरे अर्धकटिचक्रासन. एक हात वर नेऊन दुसऱ्या बाजूला झुकायचे. उद्देश: ‘बरगड्यांच्या मधली जागा उघडायची.’ ताणलेल्या बाजूवर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवून श्वास घेतला की बरगड्या हलताना हाताला कळतात. इथे नेहमीची चूक म्हणजे बाजूला झुकण्याऐवजी पुढे झुकणे. भिंतीला पाठ टेकवून एकदा करून पाहिले की मूल ती स्वतःच ओळखते.

तिसरे वृक्षासन. यात मुले सर्वात जास्त रमतात, म्हणून याला वेळ द्यावा. उचललेला पाय गुडघ्याच्या वर मांडीला किंवा खाली पोटरीला टेकवायचा. थेट गुडघ्यावर नको, कारण त्या सांध्याला बाजूने दिलेला दाब सोसत नाही. समोर एका ठिपक्यावर नजर स्थिर करायची. तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून माहिती घेते: डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायाचे तळवे व सांधे. हे समजावायला भाषण नको. भिंतीजवळ उभे करून ‘आता डोळे मिटा’ म्हणावे. पाय लगेच डगमगू लागतात आणि डोळे किती काम करत होते हे मुलाला उमगते. मग सांगावे की डुगडुगणारा घोटा चुकत नाही, तो तोल सावरायला शिकत असतो.

बसून

सर्वात जास्त गोंधळ होतो तो पश्चिमोत्तानासनात. पाय लांब करून बसले की लगेच अंगठे धरण्याची चढाओढ लागते. वास्तविक या आसनाचा उद्देश मांडीचा मागचा स्नायू लांब करणे हा आहे. अंगठ्याला हात लागणे हा उद्देशच नव्हे. पाठीची कमान करून हात पुढे ढकलले, तर अंगठा हाती येतो आणि मांडी मात्र ताणलीच जात नाही. म्हणून सतरंजीची जाड घडी बैठकीखाली घ्यावी, पाठ सरळ ठेवून कंबरेच्या सांध्यातून पुढे यावे आणि पाठ गोल होऊ लागली की थांबावे. गरज पडली तर गुडघे थोडे दुमडावेत. ताण मांडीच्या मध्यावर जाणवायला हवा. गुडघ्याच्या मागे टोचले, तर तो जास्त झाला.

या वयात आणखी एक गोष्ट घडते, ती शिक्षकांना आणि पालकांनाही ठाऊक हवी. वाढीचा वेग वाढतो तेव्हा आधी पाय लांब होतात आणि धड मागाहून वाढते. हाडे भरभर वाढतात आणि स्नायूंना त्यांच्याबरोबर यायला वेळ लागतो. त्यामुळे पाचवीत सहज अंगठे धरणाऱ्या मुलाचे हात सातवीत पोचेनासे होतात. मूल त्याला स्वतःचा आळस समजते. ‘तुझे पाय वाढले आहेत, स्नायू थोड्या दिवसांत त्यांना गाठतील,’ असे सांगितले की त्याचा जीव भांड्यात पडतो. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा वाढीचा भाग असतो आणि तो पक्क्या हाडाइतका मजबूत नसतो. म्हणून मागून पाठीवर दाब देणे, मित्राला वर बसवणे, झटके देऊन वाकणे या वयात पूर्ण बंद ठेवावे.

याच्या उलट काही मुले जात्याच लवचिक असतात. त्यांना पुढे बोलावून नमुना म्हणून दाखवण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्यांचे सांधे मुळातच सैल असतात, त्यांना जास्त ताणाची नव्हे तर आवर घालण्याची गरज असते. त्यांना ‘सगळ्यात खोल जाण्याआधीच थांब आणि तिथे स्थिर राहा’ असे सांगावे.

पुढे वाकल्यावर वक्रासन घ्यावे. एक गुडघा उभा करून पाठ ताठ ठेवत त्या बाजूला वळायचे. उद्देश: ‘बाकावर दिवसभर पाठ वळत नाही, तिला वळवून पाहू.’ वळण छातीपासून यावे, फक्त मान फिरवून नको.

पोटावर आणि पाठीवर

भुजंगासनाचा उद्देश मुलांना लगेच पटतो: ‘दिवसभर पाठ पुढे वाकते, आता ती मागे न्यायची.’ तळवे छातीच्या बाजूला, कोपरे अंगाजवळ आणि नाभी जमिनीच्या जवळ. मुले हातांवर सगळा जोर देऊन उंच उठतात आणि खांदे कानांशी नेतात. मग काम पाठीचे स्नायू करत नाहीत आणि दाब कंबरेवर येतो. तपासण्याची युक्ती सोपी आहे. आसनात असताना दोन्ही तळवे क्षणभर जमिनीवरून उचलायला सांगावे. छाती तिथेच राहिली, तर उंची बरोबर. धपकन खाली आली, तर तेवढे कमी उठायचे. दोन फेऱ्यांच्या मध्ये हातांवर कपाळ ठेवून पडून राहू द्यावे.

मग पाठीवर वळून पवनमुक्तासन. गुडघे छातीशी धरल्याने मागे गेलेली कंबर पुन्हा सैल होते.

या सगळ्यात मुलाने मर्यादा ओलांडली हे कसे ओळखायचे? श्वास थांबलेला असतो, जबडा आवळलेला असतो, चेहरा लाल होतो. आसनात असताना स्वतःचे नाव नेहमीच्या आवाजात म्हणायला लावावे. आवाज दबला किंवा तुटला, तर थोडे मागे यायचे. शीर्षासन आणि सर्वांगासन मात्र इतक्या मोठ्या वर्गात घेऊच नये. तिथे मानेवर भार येतो आणि एका शिक्षकाला चाळीस मानांकडे लक्ष देता येत नाही. कपालभातीही या वर्गात नको. ताप असलेले, कान दुखणारे किंवा नुकते प्लॅस्टर निघालेले मूल त्या दिवशी बसून पाहील. दम्याच्या मुलाचा पंप हाताशी असावा. पाळीच्या दिवसांत काय करायचे, हे मुलीने स्वतः ठरवावे.

शेवटची सहा मिनिटे

‘हलू नका’ म्हटले की मुले जास्त चुळबुळतात. शवासनात त्यांना काम द्यावे: मुठी घट्ट आवळा, सोडा, पाय ताठ करा, सोडा, खांदे कानांकडे न्या, सोडा. आवळलेले आणि सैल यांतला फरक कळला की शरीर आपोआप शांत पडते. तीन-चार मिनिटांनी कुशीवर वळून उठायचे आणि भ्रामरी. ओठ मिटलेले, दात थोडे विलग, श्वास सोडताना गुंजारव. आधी प्रत्येकाने मनगटावर स्वतःची नाडी शोधावी. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. गुंजारवामुळे श्वास लांबवर सुटतो, म्हणून जीव शांत होतो. परीक्षेच्या आधी हे कुणालाही बाकावर बसल्या बसल्या करता येते.

कधी परिपाठ लांबला आणि तीसच मिनिटे उरली, तर अर्धकटिचक्रासन आणि वक्रासन गाळावे, पण शेवटची सहा मिनिटे कापू नयेत. हीच सात आसने काही आठवडे चालू द्यावीत. दर वेळी नवे आसन दिले की मूल फक्त नक्कल करते, तेच पुन्हा केले की निरखू लागते. मग एखाद्याला विचारावे, ‘भुजंगासन कशासाठी?’ त्याने पाठ केलेले वाक्य न म्हणता स्वतःच्या पाठीवर हात ठेवून ‘इथे काम होतं’ असे दाखवले, तर आखणी जमली असे समजावे.