तारीख का पडली?

‘पुढची तारीख पडली’ एवढंच वकिलांकडून कळतं. ती का पडली, हे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाहता येतं. त्यासाठी १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक हवा. पुणे जिल्ह्यातल्या दाव्याचा तो MHPU ने सुरू होतो.

समजा, वाटपाचा दावा आहे. क्रमांक टाकल्यावर Next Hearing Date आणि त्याजवळ टप्पा दिसतो. बहुतेक लोक इथेच थांबतात. खरी माहिती खाली, Case History च्या तक्त्यात असते. त्यातल्या Business on Date खालच्या तारखेवर क्लिक केलं की त्या दिवसाचा रोजनामा उघडतो. तिथे असं काही असेल: ‘वादी व वकील हजर. निशाणी ५ वर म्हणणे देण्यासाठी प्रतिवादीचा मुदत अर्ज. खर्चासह मंजूर.’ म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर समोरच्याने उत्तर दिलं नाही, म्हणून तारीख लांबली. ‘न्यायाधीश रजेवर’ असेल, तर दोष कुणाचाच नाही. चार-पाच तारखांचे रोजनामे ओळीने वाचा. मुदत कोण मागतंय ते उघड होतं. काही नोंदी मात्र एका शब्दात उरकलेल्या असतात.

आदल्या संध्याकाळी Cause List मध्ये न्यायालय आणि तारीख निवडून बोर्ड पाहावा. नाव नसलं तर तारीख बदलली असेल किंवा नोंद राहिली असेल. गैरहजर राहण्याआधी वकिलांना फोन करा. आणि संकेतस्थळावरचा आदेश वाचायला ठीक. अपिलासाठी नक्कल विभागाची प्रमाणित प्रतच लागते.