मौखिकीतलं बोलणं, कागदावरची यादी

पीएचडीच्या खुल्या मौखिकीत परीक्षक प्रश्न विचारता विचारताच दुरुस्त्या सांगत जातात. उमेदवार उत्तरं देण्यात गुंतलेला असतो, म्हणून टिपणं घ्यायला एखादा सहकारी बसवावा. त्याने वाक्यं जशीच्या तशी लिहावीत, कोण बोललं तेही.

समजा, प्रबंध सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या ठिबक सिंचनावर आहे. बाह्य परीक्षक म्हणाले, ‘नमुना एकाच तालुक्यातला आहे, निष्कर्ष मात्र जिल्ह्याचा काढलाय.’ पुढे म्हणाले, ‘कोल्हापूरशी तुलना वाचायला आवडली असती.’ पहिलं वाक्य दुरुस्ती आहे, कारण तिच्याविना निष्कर्षच टिकत नाही. दुसरी पुढच्या संशोधनासाठीची सूचना. ती चुकून यादीत शिरली, तर नवं सर्वेक्षण मानगुटीवर बसतं. शंका असेल तर तिथेच विचारावं: ‘सर, हे आवश्यक धरू का?’

महिन्याची मुदत मिळाली असेल, तर यादी अशी होईल:

१. तक्ता ३.४ मधील बेरीज तपासणे : पाचव्या दिवसापर्यंत.
२. प्रकरण ५ मधील निष्कर्ष तालुक्यापुरता करणे, मर्यादांचा परिच्छेद जोडणे : पंधराव्या दिवसापर्यंत.
३. सारांशातलं तेच विधान बदलणे : सतराव्या दिवसापर्यंत.

उरलेले दिवस मार्गदर्शकांच्या वाचनासाठी राखावेत, ते लागतातच. दोन परीक्षकांची मतं विरुद्ध असतील, तर उमेदवाराने स्वतः मधला मार्ग काढू नये, अध्यक्षांचा निर्णय घ्यावा. यादी त्याच संध्याकाळी मार्गदर्शकांना ईमेलने पाठवा आणि एवढंच अपेक्षित आहे, असं लेखी उत्तर मागून घ्या.