ऑफर लेटर आलंय, पण दुकान टाकायचंय? मग नकाराचं पत्र असं लिहा



परवा एका मुलाने विचारलं, "सर, कंपनीचं ऑफर लेटर आलंय. पण मला स्वतःचं दुकान टाकायचंय. त्यांचे फोन उचलायचे बंद केले तर चालेल का?"

चालेल ना. कुणी पोलीस पाठवत नाही. पण दोन महिन्यांनी त्याच कंपनीच्या दारात जायची वेळ आली, तर काय तोंड घेऊन जाणार? आपल्याकडे ही वेळ येतेच, कारण माणूस साधारण ज्या लाइनमध्ये शिकतो त्याच लाइनमध्ये नोकरी शोधतो आणि त्याच लाइनमध्ये धंदा टाकतो. आज ज्याची नोकरी नाकारली, तोच उद्या आपल्याला माल देणारा निघतो.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. परभणी-जिंतूर रस्त्यावरचं झरी गाव. समजा तिथल्या एका पोराने परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री केलंय. मार्चमध्ये त्याने एका बियाणे आणि औषधाच्या कंपनीत मुलाखत दिली. ८ एप्रिलला मेलवर ऑफर लेटर आलं. पद विक्री अधिकारी, एरिया परभणी आणि जिंतूर, २० एप्रिलपर्यंत होकार कळवा, २ मेला रुजू व्हा. पगार वाईट नाही, वर पेट्रोलचे पैसे. पण दरम्यान झरीत रस्त्याला लागून एक गाळा मिळतोय, वडील थोडं भांडवल द्यायला तयार आहेत, आणि पोराच्या डोक्यात कृषी सेवा केंद्र पक्कं बसलंय.

आता गंमत बघा. कृषी सेवा केंद्राला तीन परवाने लागतात: बियाण्याचा, खताचा आणि कीटकनाशकाचा. पदवी आहे, म्हणजे शिक्षणाची अट सुटली. पण नुसत्या पदवीवर भागत नाही. खताच्या परवान्याला 'ओ फॉर्म' जोडावा लागतो. खत ज्याच्याकडून घेणार त्या कंपनीने किंवा तिच्या घाऊक विक्रेत्याने "हो, आम्ही याला माल देणार" असं लिहून दिलेला तो कागद. औषधाचंही तसंच. ज्या कंपनीचं औषध विकायचं, तिचं उगम प्रमाणपत्र लागतं. आणि हे कागद मिळवायचे म्हणजे सुरुवात कुणापासून होणार? त्या भागातल्या विक्री अधिकाऱ्यापासून आणि त्याच्या वरच्या एरिया मॅनेजरपासून. म्हणजे ज्यांनी मार्चमध्ये मुलाखत घेतली, त्याच साहेबांपासून!

म्हणून हे पत्र महत्त्वाचं.

आधी साहेबांच्या खुर्चीत बसून बघा

नकार आला म्हणून कुठलाही मॅनेजर डूख धरत नाही. चार जणांना ऑफर दिली की एखादा नाही म्हणतो, हे त्याला माहीत असतं. त्याला राग येतो तो वेळ गेल्याचा. खरिपाचं बियाणं मे महिन्यात दुकानांत पोचायला लागतं, जूनमध्ये पेरणी. आपल्या पोराने ११ एप्रिलला नाही कळवलं, तर साहेब १२ तारखेला यादीतल्या दुसऱ्या नंबरच्या मुलाला फोन करतात आणि २ मेला माणूस हजर होतो. पण पोराने "बघू, गाळ्याचं नक्की होऊ दे" म्हणत १ मेला रात्री कळवलं, तर दुसऱ्या नंबरचा मुलगा तोवर दुसरीकडे लागलेला असतो. ऐन सीझनला एरिया रिकामा. वरून साहेबांना बोलणी बसतात. हे साहेब तुमच्या ओ फॉर्मसाठी वरती शब्द टाकतील, असं तुम्हाला वाटतं?

थोडक्यात, पत्र किती गोड लिहिलं यापेक्षा ते कुठल्या तारखेला गेलं याला जास्त किंमत आहे. ठरलं त्याच दिवशी कळवायचं. २० तारीख दिलीय म्हणून २० तारखेपर्यंत थांबायचं नाही.

आणि आधी फोन, मग मेल. ज्यांनी मुलाखत घेतली त्यांना दोन मिनिटांचा फोन, आणि त्याच दिवशी एचआरला मेल, साहेबांना त्यात कॉपी. मेल नवीन लिहू नका. ऑफर लेटर ज्या मेलवर आलं त्यालाच रिप्लाय करा, म्हणजे एचआरच्या मॅडमना शोधत बसावं लागत नाही. नुसता व्हॉट्सॲप मेसेज टाकून मोकळं होऊ नका. तो वाचला जातो आणि विसरला जातो, आणि एचआरच्या नोंदीत तुम्ही "उत्तर दिलं नाही" असेच राहता.

कारण काय लिहायचं?

इथे बहुतेक जण घसरतात. आपल्याकडे नाही म्हणायचं म्हटलं की सवयीने तोंडात येतं, "घरी जरा अडचण आहे", "आईची तब्येत बरी नसते". अहो, परभणी केवढी? जूनमध्ये तेच साहेब दौऱ्यावर झरीला येणार आणि तुम्ही काउंटरमागे बसलेले दिसणार. आईची तब्येत कशी आहे, असं त्यांनी विचारलं तर? खोटं कारण लपत नाही, आणि धंद्यात उधारी तुमच्या शब्दावरच मिळायची असते.

दुसरी चूक म्हणजे पगाराचं कारण देणं. "पगार कमी वाटला" असं लिहिलंत की लगेच फोन येतो, "बरं, तीन हजार वाढवून देतो, या." आता काय करणार? तेव्हा पुन्हा नाही म्हणालात तर साहेबांना वाटतं, पोरगा खेळवतोय. पगार वाढवला तर खरंच जाणार असाल, तरच पगाराबद्दल बोला. पण ती बोलणी झाली, तो नकार नव्हे.

खरं कारण एका वाक्यात लिहा आणि पुढे जा. शाळेत आपण आगरकरांनी आईला लिहिलेल्या पत्राबद्दल शिकलो, मोठ्या पगाराची नोकरी करणार नाही म्हणून. पण ते आईला होतं. कंपनीला आपल्या आयुष्याचं ध्येय समजावून सांगायची गरज नाही.

आता पत्र

एचआर हैदराबादला वगैरे असेल तर हाच मजकूर साध्या इंग्रजीत पाठवा. मराठीत असा:

> विषय : विक्री अधिकारी (परभणी) पदाच्या नियुक्तीबाबत
> संदर्भ : आपले दि. ८ एप्रिलचे नियुक्तिपत्र
>
> मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग यांस,
>
> स.न.वि.वि.
>
> विक्री अधिकारी पदासाठी आपण माझी निवड केलीत, याबद्दल मनापासून आभारी आहे. पूर्ण विचार करून मी हे पद स्वीकारू शकत नाही, असे कळवत आहे.
>
> मी झरी येथे स्वतःचे कृषी सेवा केंद्र सुरू करण्याचे ठरवले आहे. नोकरी आणि दुकान दोन्हींना एकाच वेळी न्याय देता येणार नाही, म्हणून रुजू होण्याच्या तारखेआधी वेळेत कळवत आहे, जेणेकरून आपल्याला दुसरा उमेदवार निवडता यावा.
>
> मुलाखतीत साहेबांनी सोयाबीनच्या उगवणशक्तीच्या तक्रारी कशा हाताळायच्या, हे सविस्तर सांगितले होते. त्याचा मला पुढेही उपयोग होईल. याच भागात आणि याच क्षेत्रात काम करणार असल्याने आपल्या संपर्कात राहायला मला आवडेल.
>
> आपला नम्र,
> (नाव, गाव, मोबाइल नंबर)

एवढंच. आता यातलं एकेक वाक्य तिथे का आहे, ते बघा.

नकार दुसऱ्याच वाक्यात आलाय. काही जण आभार मानता मानता अर्धं पान भरतात, आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही, येतोय की नाही. "सध्या तरी शक्य वाटत नाही" असलं लिहू नका. एचआरला ते "थोडं थांबा" असं वाचायला येतं, आणि जागा तुमच्यासाठी अडकून राहते.

सोयाबीनच्या उगवणशक्तीचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आभार सगळेच मानतात, पण मुलाखतीतली एक नेमकी गोष्ट लिहिली की साहेबांना तुमचा चेहरा आठवतो. तुमच्या मुलाखतीत जे खरंच बोलणं झालं असेल, तेच लिहा. काहीच आठवत नसेल तर वाक्य गाळा.

आणि शेवटचं वाक्य. "भविष्यात संधी मिळाल्यास अवश्य विचार व्हावा" हे सगळेच लिहितात, म्हणून ते कुणी वाचत नाही. आपल्या पोराने कुठे भेटणार आहोत ते सांगितलंय: याच भागात, याच क्षेत्रात. पण बघा, त्याने ओ फॉर्म मागितला नाही, डीलरशिपचं नाव काढलं नाही. कामाला नाही म्हणतोय आणि त्याच पत्रात माल मागतोय, हे बरं दिसत नाही. शिवाय एचआरचा त्याच्याशी संबंधच नाही. ते दुसरं पत्र आहे, आणि ते साहेबांना जातं. अर्जाची बाकी कागदपत्रं तयार झाली आणि गाळ्याचा भाडेकरार हातात आला, की मगच.

दार उघडं म्हणजे किती उघडं?

गैरसमज नको. एकदा ऑफर नाकारली की कायद्याने ती संपली. महिन्याभराने गाळ्याचं बिनसलं आणि "साहेब, मी आता होकार देतो" म्हणालात, तर कंपनीवर कसलंही बंधन नाही. त्यांना वाटलं तर नवीन ऑफर देतील, नाहीतर नाही. म्हणून गाळ्याचा व्यवहार आणि भांडवल पक्कं झाल्याशिवाय हे पत्र पाठवू नका. ऑफरची मुदत तोवर संपत असेल, तर चार दिवस वाढवून मागा. तसं मागण्यात काही कमीपणा नाही, फक्त चार म्हणजे चारच.

आणि होकाराची सही करून पाठवली असेल, तर हे पत्र तुमच्यासाठी नाही. तो नकार राहत नाही, दिलेला शब्द मागे घेणं होतं. तेव्हा ऑफर लेटरमधली नोटिशीची अट आधी वाचा, साहेबांना समक्ष भेटा आणि चूक कबूल करून बोला. मूळ मार्कशीट वगैरे कंपनीकडे जमा असेल तर ती परत मागायचंही याच वेळी लक्षात ठेवा.

पत्र गेल्यावर बहुतेक वेळा एका ओळीचं उत्तर येतं, "नोंद घेतली, शुभेच्छा." कधी काहीच येत नाही. त्यावरून साहेब नाराज आहेत असा अर्थ काढू नका, आणि "सर, मेल मिळाला का?" म्हणून तीनदा फोनही करू नका. साहेब फोनवर तापले तर ऐकून घ्या. "दुकानं काय, रोज उघडतात आणि बंद पडतात" असं म्हणाले तरी "बरोबर आहे साहेब, बघतो प्रयत्न करून" एवढंच म्हणा.

मग मे महिन्यात त्या एरियात जो नवीन मुलगा रुजू होईल, त्याला झरीत आल्यावर चहाला बोलवा. तुमच्या ओ फॉर्मचा कागद त्याच्याच बॅगेतून वर जाणार आहे.