जुन्या भावांची दुरुस्ती : चल सरासरी चुकू नये म्हणून

एखाद्या शेअरच्या मागच्या २० सत्रांतल्या बंद भावांची बेरीज करून तिला २० ने भागले की त्या दिवसाची चल सरासरी, म्हणजेच मूव्हिंग ॲव्हरेज, मिळते. दुसऱ्या दिवशी नवा भाव आत येतो, सर्वांत जुना भाव बाहेर पडतो आणि सरासरी थोडी सरकते. कोणताही छोटा संगणक प्रोग्रॅम हे रोज करू शकतो. मात्र या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : वीसच्या वीस भाव एकाच वस्तूचे आहेत. कंपनीने शेअरचे विभाजन केले, बोनस दिला किंवा मोठा लाभांश वाटला की हे गृहीतक मोडते. त्या तारखेआधीचा भाव एका वस्तूचा असतो आणि नंतरचा दुसऱ्या वस्तूचा. प्रोग्रॅमला याचा पत्ता नसतो. तो दोन्हींची बेरीज करून मोकळा होतो.

टाटा स्टीलचे २०२२ सालचे उदाहरण या दृष्टीने उपयोगी आहे, कारण सहा-सात आठवड्यांच्या अंतराने तिथे दोन्ही गोष्टी घडल्या. कंपनीने प्रत्येक शेअरमागे ५१ रुपये लाभांश जाहीर केला होता. त्याची एक्स-डेट १५ जून होती. त्यानंतर १० रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे १ रुपया दर्शनी मूल्याचे दहा शेअर झाले. या विभाजनाची एक्स-डेट २८ जुलै होती. ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभ मिळत नाही, ती एक्स-डेट. त्या दिवशी बाजार उघडतो तोच बदललेल्या भावाने. म्हणून दुरुस्तीसाठी हीच तारीख धरावी लागते. विभाजनाची रेकॉर्ड डेट २९ जुलै होती, पण भाव आदल्या दिवशीच बदलला होता. रेकॉर्ड डेट किंवा लाभांश खात्यात जमा होण्याचा दिवस धरला, तर भावांच्या मालिकेत खोटी उडी तशीच राहते, शिवाय जिथे काही घडलेले नाही तिथे दुसरी तयार होते.

आधी विभाजन पाहू. हिशोब सोपा राहावा म्हणून भाव ९६० रुपयांवर स्थिर होता आणि विभाजनानंतर ९६ रुपयांवर स्थिर राहिला असे धरू. गुंतवणूकदाराकडे एकाऐवजी दहा शेअर आले, त्यामुळे त्याचे एक पैशाचेही नुकसान नाही. दुरुस्ती न करणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र पहिल्या दिवशी २० सत्रांची सरासरी ९१६.८० रुपये दिसते, कारण त्यात ९६० चे एकोणीस भाव आणि ९६ चा एक भाव असतो. दहाव्या दिवशी ती ५२८ वर येते, एकोणिसाव्या दिवशी १३९.२० वर, आणि विसाव्या दिवशी आपोआप ९६ वर. म्हणजे ही चूक एका दिवसात संपत नाही. सरासरीचा कालावधी जितका, जवळपास तितकी सत्रे ती टिकते. ५० आणि २०० सत्रांच्या सरासऱ्या एकत्र पाहिल्या, तर ५० ची सरासरी आधी कोसळते आणि २०० ची संथपणे मागून येते. मंदीचा इशारा मानले जाणारे छेदन त्यातून तयार होते. प्रत्यक्षात बाजारात काहीच घडलेले नसते.

यावरचा उपाय सोपा आहे. एक्स-डेटच्या आधीचा प्रत्येक भाव एका गुणकाने गुणायचा. जुन्या शेअरांची संख्या भागिले नव्या शेअरांची संख्या, हा तो गुणक. टाटा स्टीलसाठी तो ०.१ येतो. जुने ९६० रुपये ९६ होतात आणि सरासरी सपाट राहते. खुद्द एक्स-डेटच्या भावाला हात लावायचा नाही, कारण तो आधीच नव्या शेअरचा भाव असतो.

बोनसलाही हाच नियम लागू पडतो, फक्त प्रमाण वाचताना सावध राहावे लागते. १:१ बोनस म्हणजे एका शेअरवर एक जादा, म्हणजे एकाचे दोन, आणि गुणक ०.५. ४:१ बोनस म्हणजे एकावर चार जादा, म्हणजे एकाचे पाच. इथे गुणक ०.२५ धरण्याची चूक वारंवार होते. खरा गुणक ०.२ असतो. बजाज फायनान्सने जून २०२५ मध्ये दोन रुपये दर्शनी मूल्याचा शेअर एक रुपयाचा केला आणि सोबत ४:१ बोनसही दिला. दोन्हींची एक्स-डेट १६ जून ही एकच होती. तिथे ०.५ गुणिले ०.२, म्हणजे ०.१ हा गुणक लागतो. एकाच तारखेच्या दोन घटनांपैकी एकच नोंदली गेली, तर जुने भाव दुप्पट किंवा पाचपट मोठे राहतात.

लाभांशाचे गणित थोडे वेगळे आहे. एक्स-डेटला कंपनीतून रोकड बाहेर जाते, म्हणून भाव साधारण तेवढ्याने उतरतो. ५१ रुपयांचा लाभांश आणि आदल्या दिवसाचा बंद भाव ९६० धरला, तर दुसरे काही न घडता भाव ९०९ व्हायला हवा. जुन्या भावांमधून सरळ ५१ वजा करावेत असे वाटू शकते, पण ते योग्य नाही. ज्या काळात शेअर ४० रुपयांना मिळत होता, तिथे उणे ११ रुपये भाव येईल. शिवाय जुन्या भावांमधली टक्केवारीची चढउतारही बिघडेल. म्हणून इथेही गुणकच वापरतात : एकातून लाभांश भागिले आदल्या दिवसाचा बंद भाव वजा करायचा. ५१ भागिले ९६० म्हणजे ०.०५३१२५, आणि गुणक ०.९४६८७५. आदल्या दिवसाचे ९६० बरोबर ९०९ होतात आणि त्याआधीचे सगळे भाव त्याच प्रमाणात खाली येतात.

घटना एकाहून अधिक असल्या की गुणकांचा गुणाकार होत जातो. १ जुलै २०२२ च्या भावानंतर फक्त विभाजन झाले, म्हणून त्याला ०.१ लागतो. १ जूनच्या भावानंतर लाभांश आणि विभाजन दोन्ही झाले, म्हणून त्याला ०.०९४६८७५ लागतो. हिशोब आजपासून भूतकाळाकडे करत गेल्यास प्रत्येक दिवसाला पुढच्या सर्व घटनांचा एकत्रित गुणक मिळतो. पायथनमधील पांडास वापरून तो असा मांडता येतो. यात `close` ही मूळ, न बदललेल्या बंद भावांची मालिका आहे :

```python
f = pd.Series(1.0, index=close.index)
f.loc["2022-06-15"] *= 1 - 51 / close.shift(1).loc["2022-06-15"]
f.loc["2022-07-28"] *= 1 / 10

cum = f[::-1].cumprod()[::-1].shift(-1, fill_value=1.0)
adj = close * cum
ma = adj.rolling(200).mean()
```

शेवटून तिसऱ्या ओळीतल्या `shift(-1)` मुळे एक्स-डेटचा गुणक त्या दिवसाला न लागता फक्त आधीच्या दिवसांना लागतो. तो विसरल्यास एक्स-डेटचा भावही दहाने भागला जातो आणि त्या दिवशी खोटी पडझड, तर दुसऱ्या दिवशी खोटी उडी दिसते.

सर्वांत फसवी चूक लाभांश आणि भाव वेगवेगळ्या शेअरांचे धरण्यात असते. समजा, विभाजनासाठी आधीच दुरुस्त केलेले भाव कुठून तरी घेतले. याहू फायनान्सच्या `Close` रकान्यातले भाव विभाजनासाठी दुरुस्त असतात, तर `Adj Close` मध्ये लाभांशाचीही दुरुस्ती असते. अशा मालिकेत १४ जूनचा भाव ९६० ऐवजी ९६ दिसतो. त्याला जुन्या बातमीतला ५१ रुपये लाभांश लावला तर गुणक ०.४६८७५ येतो आणि त्याआधीचे सगळे भाव निम्म्याहून खाली जातात. १५ जूनला शेअर ४५ वरून थेट ९१ च्या आसपास उडाल्यासारखा दिसतो. भाव दहाने भागले असतील तर लाभांशही दहाने भागून ५.१० रुपये घ्यावा लागतो. वरच्या कोडमध्ये लाभांश आणि भाव दोन्ही मूळ रूपात असल्यामुळे हा प्रश्न येत नाही.

रोज चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी यातून साठवणुकीचा एक नियम निघतो. मूळ भाव आणि घटनांची यादी वेगवेगळी साठवावी, दुरुस्त भाव प्रत्येक वेळी नव्याने काढावेत. दुरुस्त भावच साठवून त्याखाली रोज एक ओळ जोडत गेले, तर पुढच्या विभाजनाला जुन्या ओळी जुन्या शेअरच्या आणि नव्या ओळी नव्या शेअरच्या राहतात. संपूर्ण इतिहास न चाळता फक्त चालू बेरीज जवळ ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने एक्स-डेटला ती बेरीज आणि बाहेर पडणारे जुने भाव गुणकाने गुणून घ्यावेत. घातांकी सरासरीत, म्हणजे ईएमएमध्ये, कालच्या सरासरीला गुणक लावला की पुरते. तसे न केल्यास साध्या सरासरीप्रमाणे ही चूक ठरावीक दिवशी धुऊन निघत नाही. ५० सत्रांच्या ईएमएमध्ये ५० सत्रांनंतरही जुन्या आकड्याचे सुमारे १३.५ टक्के वजन उरते. वरच्या उदाहरणात भाव ९६ असताना ईएमए तेव्हाही २१३ च्या आसपास असेल.

दुरुस्ती बरोबर झाली का, हे तपासण्याची खूण एक्स-डेटलाच मिळते. त्या दिवसाचा दुरुस्त मालिकेतला बदल बाजाराच्या नेहमीच्या चढउतारासारखा दिसला पाहिजे. भाव एका दिवसात निम्मा, पाचवा हिस्सा किंवा दहावा हिस्सा झाला असेल, तर घटना नोंदवायची राहिली आहे. उलट तो अचानक दुप्पट किंवा दहापट झाला असेल, तर आधीच दुरुस्त असलेल्या भावांना पुन्हा गुणक लागला आहे. उलाढालीचा आकडा वापरायचा असेल, तर विभाजनाआधीच्या शेअरसंख्येला दहाने गुणावे लागते. लाभांशासाठी मात्र ती बदलायची नसते.

लाभांशाची दुरुस्ती करायची की नाही, हे सरासरी कशासाठी हवी आहे यावर ठरते. गुंतवणुकीचा एकूण परतावा मोजायचा असेल तर ती आवश्यक आहे. लोकांनी प्रत्यक्ष ज्या भावांना व्यवहार केले त्या पातळ्या पाहायच्या असतील, तर फक्त विभाजन आणि बोनसची दुरुस्ती पुरते. मात्र भाव आणि सरासरी यांची तुलना करताना दोन्ही एकाच प्रकारच्या मालिकेतून घ्यावे लागतात.

कंपनीतून एखादा व्यवसाय वेगळा काढला जातो तेव्हा गुणक ठरावीक प्रमाणातून मिळत नाही, बाजारभावातून काढावा लागतो. जिओ फायनान्शियल रिलायन्सपासून वेगळी झाली, तेव्हा १९ जुलै २०२३ चा रिलायन्सचा बंद भाव २,८४१.८५ रुपये होता आणि दुसऱ्या दिवशीच्या विशेष सत्रात २,५८० रुपये ठरला. दोन्हींचे गुणोत्तर सुमारे ०.९०८, आणि आधीच्या भावांसाठी तोच गुणक.

दुरुस्त भावांना एक मर्यादाही आहे. सगळ्या मालिकेला एकाच आकड्याने गुणले तरी भाव सरासरीच्या वर आहे की खाली हे बदलत नाही, त्यामुळे पुढे होणाऱ्या विभाजनाने जुने छेदनबिंदू हलत नाहीत. पण ‘१०० रुपयांखालचे शेअर घ्यावेत’ अशा नियमाची चाचणी दुरुस्त भावांवर घेता येत नाही. ९६० रुपयांना विकला जाणारा शेअर तिथे ९६ चा दिसतो आणि त्या दिवशी कोणालाच न मिळालेला भाव चाचणीत शिरतो. अशा नियमांना मूळ भाव लागतात, सरासरीला दुरुस्त भाव.