कलाकंदाचा दाणा

कलाकंदात दूध फाटलेलं असतं, पण अर्धवटच. पूर्ण फाटलं तर पनीर होतं, अजिबात फाटलं नाही तर गुळगुळीत खवा. या दोन्हींच्या मधली जागा साधली की जिभेवर विरघळणारा रवाळ दाणा मिळतो.

दुधातल्या केसिन या प्रथिनाचे कण विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. आंबट पदार्थ पडला की तो भार घटतो आणि कण एकमेकांना चिकटू लागतात. दूध जितकं गरम आणि जितकं आटलेलं, तितकं हे झपाट्यानं होतं. त्यामुळे उकळत्या, आटत्या दुधाला आंबटपणा अगदी थोडा लागतो आणि तो एकदम ओतला तर दाणा रबरासारखा चिवट होतो.

दोन लिटर म्हशीचं ताजं दूध पसरट कढईत आटवायला ठेवा. स्निग्धांश आणि घनपदार्थ जास्त असल्यानं म्हशीचं दूध इथे बरं. तळाला लागू नये म्हणून उलथनं सतत फिरवा. दूध निम्म्यावर आलं की आच मंद करा. पाव चमचा, म्हणजे साधारण एक ग्रॅम, सायट्रिक आम्ल दोन-तीन चमचे पाण्यात विरघळवून घ्या. त्यातलं निम्मंच थेंबाथेंबानं, वेगवेगळ्या जागी सोडा, हलक्या हातानं एकदा ढवळा आणि मिनिटभर थांबा. अनेक हलवाई यासाठी तुरटी वापरतात. लिंबूही चालतं, पण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा निराळा असल्यानं अंदाज चुकतो.

आता नजर दाण्याच्या भोवतालच्या पाण्यावर हवी. ते दुधाळ पांढरं राहिलं आणि त्यात बारीक कण तरंगू लागले, तर आम्ल तिथेच थांबवा. कण दिसलेच नाहीत, तर उरलेल्यातलं आणखी थोडं सोडा. पाणी हिरवट आणि नितळ झालं म्हणजे सगळं केसिन एकत्र आलं. बांधलेला दाणा मग परत विरघळत नाही. शिळ्या दुधात आंबटपणा आधीच वाढलेला असतो, म्हणून तिथे ठरलेलं मापही जास्त होतं.

दाणा बांधला की मगच साखर, सुमारे सव्वाशे ग्रॅम. साखरेनं मिश्रण पुन्हा सैल होतं. ते मंद आचेवरच आटवावं, कारण मोठ्या आचेवर दाण्यातलं पाणी निघून जातं आणि तो कोरडा पडतो. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागलं, पण अजून ओलसर चमकतंय, तेव्हा तूप लावलेल्या ताटात थापावं. थंड होताना ते आणखी घट्ट होतंच.

पेढ्यासाठीही असाच दाणेदार खवा वापरता येतो. फक्त पिठीसाखर खवा कोमट झाल्यावर मिसळायची, नाहीतर ती वितळून गोळा सैल पडतो. आणि पेढा खाताना वाळूसारखी कचकच लागली, तर तिचा दोष आम्लाला देऊ नये. बहुतेकदा ते दुधातल्या साखरेचे, लॅक्टोजचे, स्फटिक असतात. केसिनचा दाणा दातांखाली मऊ दबतो, लॅक्टोजचा करकरतो.